ओले केस कशाने टिपावेत: मायक्रोफायबर की जुना टी-शर्ट?

प्रश्न: माझे केस कंबरेपर्यंत, लहरी आणि दाट आहेत. आदल्या रात्री खोबरेल तेल लावून आठवड्यातून दोनदा सकाळी न्हाते. ७.५०ची लोकल गाठायची असल्यामुळे टॉवेलने खसाखसा पुसते आणि ओल्या केसांचाच अंबाडा घालून निघते. वर्षभरात केस फार पिंजारायला लागले आहेत आणि उशीवर, ओढणीवर केसांचे बारीक तुकडे दिसतात. नणंद म्हणते, मायक्रोफायबरचा टर्बन घे. धाकटी बहीण म्हणते, जुना सुती टी-शर्ट पुरे. सासूबाई म्हणतात, पंच्याने केस झटकले की झाले. नेमके कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे केस आणि तुमची तेल लावण्याची सवय लक्षात घेता मी तुमच्या बहिणीच्या बाजूने कौल देईन. नणंदेचा सल्ला चुकीचा नाही, तो वेगळ्या केसांसाठी आणि वेगळ्या सवयींसाठी योग्य आहे. त्याकडे पुढे येईन. सासूबाईंचे अर्धे म्हणणे तर मला पूर्ण मान्य आहे. मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. खरखरीत टॉवेल सोडून या दोहोंपैकी काहीही घेतले तरी फरक पडेल, पण मायक्रोफायबर आणि टी-शर्ट यांच्यातला आपसातला फरक त्या मानाने लहान आहे. तुमच्या केसांचे खरे नुकसान पुसताना होणाऱ्या घासण्यामुळे आणि नंतरच्या ओल्या अंबाड्यामुळे होत असणार, आणि या दोन्ही गोष्टी नवे कापड विकत घेतल्याने आपोआप थांबत नाहीत.

न्हाऊन झाल्यावर केसांत पाणी दोन ठिकाणी असते. एक पाणी केसाच्या आत मुरलेले असते. केस स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी शोषतो आणि त्यामुळे त्याची जाडी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. दुसरे पाणी केसांच्या मधल्या फटींत आणि त्यांच्या पृष्ठभागावर अडकलेले असते. दाट, लांब केसांत हेच पाणी जास्त असते आणि पाठीवर निथळते तेही हेच. कोणतेही कापड, कितीही महाग असले तरी, फक्त हे दुसरे पाणी ओढून घेऊ शकते. आत मुरलेले पाणी बाहेर पडते ते हवेत वाफ होऊनच. म्हणून कापडाचे काम पहिल्या काही मिनिटांत संपते. त्यानंतर केस ओलसर लागतात म्हणून आपण पुन्हापुन्हा पुसत राहतो, तेव्हा पाणी जवळजवळ निघत नाही, केवळ केस घासला जातो.

हे घासणे ओल्या केसाला का सोसत नाही, हे त्याच्या रचनेवरून कळते. केसाच्या बाहेरच्या बाजूला पारदर्शक खवल्यांचे थर असतात आणि ते कौलांसारखे एकमेकांवर बसलेले असतात. त्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडे वळलेल्या असतात. मुळाकडून टोकाकडे हात फिरवला तर केस गुळगुळीत लागतो, उलट फिरवला तर अडखळतो. केस भिजून फुगला की या कडा किंचित उचलल्या जातात आणि घर्षण वाढते. टॉवेलमध्ये केस धरून दोन्ही तळहातांनी चोळताना प्रत्येक दुसरा फटकारा उलट दिशेने जातो आणि या कडा निघू लागतात. शिवाय ओला केस कोरड्यापेक्षा अधिक ताणला जातो आणि कमी जोराने तुटतो.

लांब केसांच्या बाबतीत आणखी एक हिशेब आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, फार तर सव्वा सेंटिमीटर वाढतो. तुमच्या केसांची लांबी ७० सेंटिमीटर धरली, तर टोकांचा भाग पाच-सहा वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेला आहे. आठवड्यातून दोनदा न्हाणे धरले तरी त्या टोकांनी पाचशेहून अधिक वेळा पाणी, शाम्पू आणि टॉवेल सोसला आहे. मुळाजवळ खवल्यांचे सहा-आठ थर असतात, तर जुन्या टोकांवर अनेकदा एखाद-दुसराच उरतो आणि काही ठिकाणी तोही नसतो. तिथे केसाचा आतला तंतुमय गाभा उघडा पडतो, फाटे फुटतात आणि तुकडे पडतात. खांद्यापर्यंत केस असलेली मुलगी रोज खसाखसा पुसूनही तक्रार करत नाही आणि तुम्ही आठवड्यातून दोनदाच पुसून करता, याचे कारण हेच आहे.

आता कापडांकडे वळू. आपल्या घरोघरी असलेला सोलापुरी किंवा तत्सम टॉवेल अंग पुसायला उत्तम, कारण त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या सुताच्या फाशांमध्ये पुष्कळ पाणी मावते. पण याच फाशांत लांब केस गुंततो, आणि वर्षभर खाऱ्या पाण्यात व साबणात धुतलेला टॉवेल तर कडकही झालेला असतो. पंचा मात्र साध्या विणीचा, पातळ, फासे नसलेला आणि धुवून धुवून मऊ झालेला असतो. केस टिपायला तो चांगलाच आहे, आणि सासूबाईंचे मला मान्य असलेले अर्धे म्हणणे ते हेच. अमान्य आहे ते झटकणे. पुढे वाकून केस समोर सोडून पंच्याचे फटके मारले की पाण्याचे थेंब उडालेले दिसतात आणि केस सुटे झाल्यासारखे वाटतात. पण प्रत्येक फटक्याचा हिसका फुगलेल्या केसांच्या सर्वांत जुन्या टोकांना बसतो. ज्या पिढीत ही पद्धत रुळली त्या पिढीतल्या बायका केस फारसे मोकळे सोडत नसत. तेल लावून घट्ट वेणी घातली की तुटकी टोके वेणीत लपून जात.

जुन्या टी-शर्टचे कापड विणकामाचे, म्हणजे होजिअरीचे असते. त्याची बाहेरची बाजू नीट पाहिली तर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या टाक्यांच्या उभ्या, सपाट ओळी दिसतात. आतल्या बाजूला मात्र आडवे, अर्धगोल टाके वर आलेले असतात आणि ती बाजू किंचित खडबडीत लागते. केसांना नेहमी बाहेरची बाजू लावावी. बहुतेक जणी टी-शर्ट आहे तसा उचलतात आणि हाताला येईल ती बाजू वापरतात. ‘जुना’ या अटीलाही कारण आहे. नव्या कापडावर मऊपणासाठी लावलेला मुलामा असतो, त्यामुळे पाणी पटकन मुरत नाही. वीस-पंचवीस धुण्यांनंतर तो निघून जातो. तरीही फार जुना, गोळे आलेला टी-शर्ट नको, कारण त्या गोळ्यांत केस अडकतो. छातीवर रबरी छपाई असेल तर तो भाग पाणी शोषत नाही आणि तडकलेली छपाई केसांवर घासते. असा टी-शर्ट उभा कापून पाठीचा सलग भाग तेवढा वापरावा.

टी-शर्ट शंभर टक्के सुती आहे की नाही, हेही पाहून घ्या. खेळाचे किंवा ‘ड्राय फिट’ म्हणून मिळणारे टी-शर्ट पॉलिएस्टरचे असतात आणि सुती दिसणारे पुष्कळ टी-शर्ट मिश्र धाग्याचे असतात. लेबल फाटले असेल तर शिवणीच्या आतून चार धागे ओढून काढा आणि चिमट्यात धरून नळाखालीच काडीने पेटवा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि चुरडली जाणारी राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. एवढे करायचे नसेल तर कापड ताटावर पसरून त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. दोन-तीन सेकंदांत तो पसरून मुरला तर कापड कामाचे आहे, मोत्यासारखा वर बसून राहिला तर नाही.

मायक्रोफायबर म्हणजे अतिशय बारीक कृत्रिम धागा. नऊ हजार मीटर लांबीच्या ज्या धाग्याचे वजन एक ग्रॅमपेक्षा कमी भरते, त्याला हे नाव मिळते. टॉवेलसाठी बहुधा पॉलिएस्टर आणि नायलॉन एकत्र काढून तो तंतू पुढे उभा फोडतात. लेबलवर ८० आणि २० टक्के असे प्रमाण अनेकदा दिसते. पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळजवळ शोषतच नाही. पाणी धरले जाते ते या फोडलेल्या तंतूंच्या मधल्या असंख्य सूक्ष्म फटींत, आणि फटी जितक्या अरुंद तितके पाणी जोराने ओढले जाते. म्हणून चांगला मायक्रोफायबर केसांतल्या फटींमधले पाणी सुतापेक्षा लवकर खेचतो, स्वतः हलका राहतो आणि दोरीवर लवकर वाळतो. हे गुण खरे आहेत, त्यात जाहिरातीची अतिशयोक्ती नाही.

अडचण पुढे येते. हे फोडलेले तंतू खरखरीत पृष्ठभागाला चिकटतात. म्हणूनच गाडी आणि काच पुसायला मायक्रोफायबर वापरतात. घरकामाने बोटांची टोके फाटली असतील तर असे कापड हातात धरताना जो नकोसा अडखळा जाणवतो, तसाच फाटे फुटलेल्या केसालाही तो होऊ शकतो. दुकानात पारखायचे असेल तर कोरड्या बोटाचे टोक किंवा नखाच्या कडेची कातडी त्यावरून हलकेच ओढून पाहावी. अडकले तर तो तुकडा लांब केसांसाठी घेऊ नये. लांब लव असलेले, मऊ खेळण्यासारखे लागणारे प्रकार हाताला छान वाटतात, पण केस त्यांच्या लवेत शिरतात. सपाट विणीचा किंवा छोट्या चौकोनी खणांचा प्रकार त्यातल्या त्यात बरा. स्वयंपाकघराच्या सामानात मिळणारे पुसणे स्वस्त असले तरी डोक्याला लावू नये.

तुमच्या बाबतीत माझा निर्णय ठरला तो तेलामुळे. पॉलिएस्टरला तेलाचे आकर्षण असते. शाम्पूनंतर केसांवर राहिलेला तेलाचा पातळ थर कापडात उतरतो आणि सूक्ष्म फटींत जाऊन बसतो. काही आठवड्यांत टर्बनला खवट वास येऊ लागतो आणि त्याची पाणी ओढण्याची ताकदही कमी होते. सुती कापड मात्र गरम पाण्यात धुण्याच्या सोड्यासह भिजवून, वेळ पडली तर उकळूनही स्वच्छ करता येते. मायक्रोफायबरला तेवढी उष्णता देता येत नाही. आणि टर्बनसाठी तेल सोडावे, असे मी मुळीच सुचवणार नाही. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्हाण्यापूर्वी लावलेल्या खोबरेल तेलामुळे केसांतून होणारी प्रथिनांची गळती कमी झाल्याचे दिसले होते, तर सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांनी तसा फायदा दाखवला नाही. ती कंपनी खोबरेल तेल विकते, हे लक्षात ठेवूनच तो अभ्यास वाचावा. पण त्यामागचे कारण पटण्याजोगे आहे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते, त्यामुळे आत पाणी कमी मुरते आणि केस कमी फुगतो. आपण आतापर्यंत ज्या फुगण्याबद्दल बोललो, त्यावर तुमचे तेल न्हाण्याआधीच थोडा लगाम घालत आहे.

दुसरी अडचण टर्बनच्या शिवणीची. एका टोकाला बटण आणि दुसऱ्याला फास असलेला टर्बन घालण्याची रीत अशी, की पुढे वाकून केस आत घ्यायचे, पिळत पिळत त्यांचा दोर करायचा आणि तो मागे नेऊन बटणात अडकवायचा. मानेपर्यंतच्या केसांना हे ठीक आहे. कंबरेपर्यंतचे दाट, ओले केस त्या अरुंद शेपटीत कोंबावे लागतात, घट्ट पिळावे लागतात, आणि सगळा ओढा कपाळाच्या व कानशिलांच्या नाजूक केसांवर येतो. टर्बन काढल्यावर कपाळाशी ओढल्यासारखे दुखत असेल तर पीळ जास्त होता असे समजावे. मायक्रोफायबरच घ्यायचे असेल तर टर्बन न घेता सपाट, आयताकृती टॉवेल घ्या.

वेष्टनावर ‘केस तुटणे कमी होते’ असे लिहिलेले असेल, तर कशापेक्षा कमी, हे तिथेच मनात विचारा. तुलना बहुधा फाशांच्या टॉवेलशी केलेली असते आणि त्या तुलनेत जुना टी-शर्टही जिंकतो.

कोणते कापड किती पाणी घेते, हे घरच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तुम्हालाच पाहता येईल. समजा टी-शर्ट कोरडा १५० ग्रॅम भरला, केस पाच मिनिटे गुंडाळल्यावर २३० आणि आणखी दहा मिनिटांनी २४०. तर पहिल्या पाच मिनिटांत ८० ग्रॅम पाणी निघाले आणि नंतरच्या दहा मिनिटांत केवळ १०. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे वेगळे येतील. पण आकड्यांची चाल अशीच दिसेल. अर्धा तास कापड डोक्याला बांधून ठेवल्याने केस अधिक वाळत नाहीत, उलट भिजलेल्या कापडात कोंडलेले केस आणि टाळू तेवढा वेळ जास्त ओले राहतात. कापड जड झाले की दुसरे कोरडे घ्यावे, हा त्यावरचा उपाय. टी-शर्टच्या बाजूने बोलताना मी त्याची मर्यादा लपवणार नाही: तुमच्याइतक्या दाट केसांना एक टी-शर्ट पुरणार नाही, दोन लागतील.

आता तुमच्या सकाळचा क्रम पाहू. सव्वासहाला न्हायला जात असाल असे धरतो. गुंता काढायचा तो न्हाणीघरातच, कंडिशनर केसांवर असताना, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर सरकत काढायचा. त्या वेळी केस सर्वांत निसरडे असतात. नंतर पुन्हा विंचरू नये. पाणी ओतून झाल्यावर केस पाठीवर सोडून, हाताची मूठ मुळाकडून टोकाकडे हलकेच दाबत आणावी, पिळू नये. मग पंचा घेऊन अर्धे केस पुढे घ्यावेत, पंच्यात धरून दाबावेत, सोडावेत, खाली सरकावे, पुन्हा दाबावेत. कापड केसांवर फिरवायचे नाही, फक्त दाबायचे. हे एक-दोन मिनिटांचे काम झाले की बराचसा निथळ पंचा घेतो आणि टी-शर्ट पुढच्या कामाला कोरडा मिळतो.

पहिला टी-शर्ट पलंगावर पसरून ठेवा: बाहेरची बाजू वर, बाह्या तुमच्याकडे, खालचा घेर पलीकडे. पुढे वाकून केस त्याच्या मधोमध हळूहळू साचू द्या. पीळ द्यायचा नाही. केस आपल्या लहरींप्रमाणे घडी पडून बसले पाहिजेत. पलीकडचा घेर उचलून मानेवर घ्या, बाह्या कानांवरून मागे नेऊन सैल गाठ मारा. गाठीखाली एक बोट सहज जायला हवे. डबा भरणे, चहा हे या दहा मिनिटांत होते. मग गाठ सोडून दुसऱ्या टी-शर्टने टोकांकडचा भाग पुन्हा दाबून टिपा. तुमच्या केसांतले सर्वांत जास्त पाणी खालच्या तिसऱ्या भागात उतरलेले असते, आणि पहिल्या गुंडाळणीत तोच भाग बरोबर मध्यभागी कोंडलेला असतो.

एवढ्यावर केस वाळणार नाहीत, ओलसर राहतील. उरलेले पाणी हवेनेच जायचे आहे आणि इथे हेअर ड्रायरबद्दलची भीती थोडी बाजूला ठेवावी. कोरियातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात असे आढळले, की ड्रायरने पृष्ठभागाची हानी आपोआप वाळवण्यापेक्षा अधिक होते, पण तो १५ सेंटिमीटर अंतरावरून, सतत हलवत वापरला तर एकूण हानी आपोआप वाळवण्यापेक्षा कमी होते. बराच वेळ ओले राहिलेल्या, आपोआप वाळलेल्या केसांत आतल्या पेशींना जोडणाऱ्या थराला इजा दिसली आणि ती ड्रायरने वाळवलेल्यांत दिसली नाही. दोन्हींची किंमत आहे, म्हणून मधला मार्ग घ्यावा: मुळांचा भाग वीतभर अंतरावरून, मंद उष्णतेवर पाच-सात मिनिटे वाळवावा आणि जुनी, थकलेली टोके हवेवर सोडावीत.

अंबाडा मात्र बंद करायलाच हवा. ओल्या केसांचा अंबाडा दुपारपर्यंत आतून ओलाच राहतो. तितके तास केस फुगलेला, पिळलेला आणि रबरबँडने आवळलेला असतो. शिवाय केस ज्या आकारात वाळतो तो आकार तो धरून ठेवतो, म्हणून संध्याकाळी अंबाडा सोडल्यावर बाक आलेले, दिशाहीन केस दिसतात आणि आपण त्यांना पिंजारलेले म्हणतो. लोकलच्या गर्दीत मोकळे केस शक्य नाहीत हे मी जाणतो. मानेपासून खाली सैल वेणी घाला, टोकाला कापडी बंद लावा आणि कार्यालयात पोहोचल्यावर ती सोडून ठेवा. शक्य असेल तर दोनपैकी एक न्हाणे सुट्टीच्या दिवसावर किंवा आदल्या संध्याकाळवर ढकला. त्याचा उपयोग कुठल्याही टर्बनपेक्षा जास्त होईल.

पिंजारण्यातला एक भाग मात्र हवेचा आहे आणि तो कापडाने जाणार नाही. डोंबिवलीच्या पावसाळी हवेत कोरडा केससुद्धा बाहेरून बाष्प घेत राहतो आणि लहरी केस सगळीकडे सारखे घेत नाहीत. टिपलेल्या, ओलसर केसांच्या खालच्या अर्ध्या भागावर सिलिकॉनच्या सीरमचे दोन-तीन थेंब तळहातावर पसरून लावले तर हे थोडे मंदावते. जूनमध्ये टी-शर्ट सुरू करून ऑगस्टमध्ये निराश होऊ नका, हे सांगण्यासाठी एवढा उल्लेख केला.

दिसणारे तुकडे खरोखरच तुटलेले आहेत का, हे एकदा तपासा. उशीवरचे केस गोळा करून पांढऱ्या कागदावर ठेवा. लांब केस आणि एका टोकाला पांढरट, बारीक गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला केस. दिवसाला ५० ते १०० केस गळणे सर्वसाधारण आहे आणि त्याचा टॉवेलशी संबंध नाही. आखूड तुकडा, दोन्ही टोकांना गाठ नाही, तर तो तुटलेला. डोक्यावर उभे राहणारे आखूड केसही पाहा. टोक निमुळते असेल तर तो नवा उगवणारा केस आहे. टोक बोथट किंवा फाटलेले असेल तर तो तुटून आखूड झालेला आहे. पुष्कळ जणी नव्या केसांनाच तुटलेले समजून महिनोन्महिने उपाय करत बसतात.

बदलाचा परिणाम पाहायचा असेल तर सुरुवातीला खालचे दीड-दोन इंच कापून घ्या. फाटलेले टोक कोणत्याही कापडाने सांधले जात नाही आणि ते राहिले तर वर वर फाटत जाते, त्यामुळे चांगल्या सवयीचा परिणामही झाकला जातो. नणंदेकडे टर्बन असेलच तर विकत घेण्याआधी महिनाभर मधोमध भांग पाडून डावी बाजू मायक्रोफायबरने आणि उजवी टी-शर्टने टिपा. दाबण्याची पद्धत दोन्हीकडे तीच ठेवा आणि दर वेळी दोन्ही बाजूंचे तुकडे वेगवेगळ्या पांढऱ्या कापडावर मोजा. फरक दिसला नाही तर पैसे वाचले. मायक्रोफायबरची बाजू स्पष्टपणे बरी निघाली तर माझ्या सल्ल्यापेक्षा तुमच्या मोजणीवर विश्वास ठेवा.

नणंदेसाठी टर्बन कदाचित अगदी योग्यही असेल. केस खांद्याच्या आसपास आहेत, तेल लावले जात नाही, रोज न्हाणे होते, किंवा वसतिगृहात कपडे वाळत घालायला जागा नाही, अशा वेळी पटकन पाणी ओढणारे आणि पटकन वाळणारे हलके कापड सोयीचे ठरते. फक्त ते सुती कपड्यांसोबत धुऊ नये, कारण सुताची लव त्याच्या तंतूंत अडकते; कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नये, कारण त्याचा थर फटी बुजवतो; आणि इस्त्री करू नये. केस जवळजवळ कोरडे झाल्यावर मायक्रोफायबर त्यांवर चोळू नये, नाहीतर स्थिर विजेने केस उभे राहतात. नागपूरकडच्या कोरड्या हिवाळ्यात तर हे हमखास अनुभवाला येते. तुमच्या टी-शर्टनाही मऊ करणारे द्रव्य नको, आणि ते घरच्या इतरांच्या कपड्यांत न मिसळता वेगळे ठेवा, नाहीतर कोणीतरी ते फरशी पुसायला घेईल.

टोके कापून, घासणे आणि ओला अंबाडा सोडून तीन महिने झाल्यावरही तुकडे तितकेच पडत असतील, केसाच्या लांबीवर मध्येच पांढरे ठिपके दिसून तिथेच तो मोडत असेल, किंवा केस टाळूच्या अगदी जवळ तुटून विरळ चट्टा दिसू लागला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना गोळा केलेले तुकडे कागदाच्या पुडीत घालून न्या आणि गेल्या वर्षभरात केस सरळ करण्याची किंवा रंगाची काही प्रक्रिया केली असेल तर ती त्यांना न विचारताही सांगा.